बाबांचं तिकीट, मावशीचा प्रवास: विमानाच्या तिकिटावर माणूस बदलताना काय काय करावं लागलं

नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्याकडे पुणे ते कोलकाता विमानाचं जाऊन-येऊन तिकीट होतं बाबांच्या नावाचं, आणि जायचं होतं मावशीला. "नाव बदलून घेऊ की," असं घरातले सगळेच म्हणत होते. तसं होत नाही. ते का होत नाही आणि मग नक्की काय करायचं, याची माहिती मला तुकड्या-तुकड्यांत मिळत गेली. म्हणून सगळं ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, तारखा आणि रकमांसकट लिहिते आहे.

दादा-वहिनी कोलकात्यात राहतात. त्यांच्या बाळाचं बारसं १७ नोव्हेंबरच्या रविवारी ठरलं होतं. आई-बाबांची तिकिटं मी ११ सप्टेंबरलाच काढली होती. जाणं १४ नोव्हेंबरला, परत येणं २६ ला. ती एका प्रवासी पोर्टलवरून काढली होती आणि दोघांचा पीएनआर एकच होता. बाबांच्या वाट्याचे जाऊन-येऊन ११,२०० रुपये झाले होते. त्यात मूळ भाडं ९,००० आणि बाकीचे २,२०० म्हणजे जीएसटी, विमानतळाचं शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे. ही फोड तेव्हा मी नुसती नजरेखालून घातली होती. पुढे तीच सगळ्यात उपयोगी पडली.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला सकाळी, बाबा ओल्या फरशीवरून घसरले. घोट्याचं हाड मोडलं. दुपारी प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं बजावलं. बाबांनी तिथेच आईला सांगितलं, "तू जायचंच. माझ्यासाठी थांबू नकोस." आईचे गुडघे दुखतात, विमानतळावर तिला चाकाची खुर्ची लागते, आणि ती एकटी कधी विमानात बसलेली नाही. संध्याकाळी नाशिकहून नलूमावशीचा फोन आला, "मी जाते ताईबरोबर. भावजींचं तिकीट आहेच ना, वाया कशाला घालवायचं?"

रात्री पोर्टलवर जाऊन पाहिलं. 'नावात दुरुस्ती' असा एक पर्याय होता. तो उघडल्यावर कळलं की तिथे फक्त चुकलेली अक्षरं सांगायची असतात आणि सोबत त्याच माणसाचं ओळखपत्र जोडायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टलच्या ग्राहक सेवेला फोन केला. बराच वेळ धून ऐकल्यावर एक मुलगी बोलली. तिने नम्रपणे पण एका वाक्यात सांगितलं, "मॅडम, प्रवासी बदलता येत नाही, तिकीट रद्द करून नवीन काढावं लागेल." मी विमान कंपनीलाही फोन केला. त्यांचंही उत्तर तेच, वर "तिकीट पोर्टलवरून घेतलंय, तेव्हा रद्दही तिकडूनच करा."

मला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा या गोष्टीचं, की कोणी कारण सांगत नव्हतं. जागा तीच, विमान तेच, पैसे भरलेले, बसणारी बाईसुद्धा घरचीच. मग अडचण काय? बाबांच्या ओळखीचे एक काका गेली अनेक वर्षं टिळक रोडजवळ तिकिटांचं ऑफिस चालवतात, कागदी तिकिटांच्या काळापासून. दुपारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे समजावून सांगितलं.

"तू रेल्वेचं डोक्यात धरून बोलते आहेस," काका म्हणाले. ते खरंच होतं. रेल्वेत कन्फर्म तिकीट घरच्या माणसाच्या नावावर करता येतं. गाडी सुटायच्या चोवीस तास आधी मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाकडे अर्ज द्यायचा, नात्याचा पुरावा लावायचा. पण तिथेही नाती ठरलेली आहेत: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. आणि हे एका तिकिटावर एकदाच करता येतं. म्हणजे आमचं तिकीट रेल्वेचं असतं तरी बाबांच्या जागी त्यांची मेहुणी गेली नसती. हे मला पहिल्यांदाच कळलं.

विमानाचं तिकीट म्हणजे जागेची पावती नव्हे, हा काकांचा मुख्य मुद्दा होता. ते अमुक एका माणसाला अमुक ठिकाणी नेण्याचा करार असतो. तेरा आकडी तिकीट क्रमांक त्या नावावरच तयार होतो. प्रवासात त्या माणसाला काही झालं, सामान हरवलं, तर भरपाईची जबाबदारी त्याच कराराखाली येते. जुन्या कागदी तिकिटांवर 'अहस्तांतरणीय' असं छापलेलंच असे. आता तेच वाक्य कंपनीच्या वाहतुकीच्या अटींमध्ये असतं, आणि पैसे भरताना आपण त्या अटी मान्य केल्याची खूण करतो.

सुरक्षेचं कारण बहुतेकांना माहीत असतं. विमानतळाच्या दारावर सीआयएसएफचे जवान तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून पाहतात, आणि विमानात कोण बसलं आहे याची यादी कंपनीला अचूक ठेवावी लागते. पण काकांच्या मते हे अर्धंच कारण आहे. आठवडाभर आधी रीतसर नाव बदललं तर नव्या माणसाचं ओळखपत्रही दारावर तपासता येईलच की. युरोपात रायनएअर, ईझीजेट अशा कंपन्या शुल्क घेऊन संपूर्ण नाव बदलू देतात. त्यांच्या सुरक्षेला त्याने बाधा येत नाही. फक्त ते शुल्क कधी कधी तिकिटापेक्षाही जास्त भरतं.

खरं कारण भाड्यात आहे. एका विमानात शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे दिलेले असतात, कारण कंपनी जागांची विभागणी निरनिराळ्या भाड्यांच्या गटांत करते. काकांनी त्यांच्या पडद्यावर मला तशी ओळ दाखवली. इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे, एखाद्या गटात नऊ, एखाद्यात दोन, एखाद्यात शून्य. आधीपासून ठरवून जाणाऱ्याला स्वस्त गट मिळतो, शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्याला महाग. तिकीट हवं त्याला देता आलं असतं, तर कोणीही सप्टेंबरमध्ये दिवाळीची शंभर स्वस्त तिकिटं घेऊन ठेवली असती आणि ऐन सणात दुप्पट भावाने विकली असती. कंपनीची चढी भाडी दलालाच्या खिशात गेली असती आणि सप्टेंबरमध्ये स्वस्त तिकीट सामान्य माणसाच्या वाट्याला आलंच नसतं. नावाची अट या बाजाराला आळा घालते. मावशी घरची आहे की कोणी अनोळखी, हे कंपनी तपासत बसत नाही. म्हणून नियम सरसकट सगळ्यांना एकच.

हे कारण मला पटलं. त्यातून कंपनीचा फायदा होतो हे उघड आहे आणि रद्द करण्याचं शुल्क मला आजही जास्त वाटतं. पण निदान आडमुठेपणा म्हणून हे चाललेलं नाही, एवढं कळलं.

एक अपवाद काकांनी सांगितला, तो लग्नकार्य असलेल्यांनी लक्षात ठेवावा. दहा किंवा जास्त माणसांचं एकत्र, समूह म्हणून आरक्षण केलं, तर बहुतेक कंपन्या आधी फक्त जागा धरतात आणि नावं नंतर, प्रवासाच्या काही दिवस आधी घेतात. त्या मुदतीपर्यंत माणसं बदलता येतात, कधी शुल्क भरून. समूहाचं भाडं सगळ्यात स्वस्त असेलच असं नाही, पण वऱ्हाडात कोण येणार, कोण नाही हे शेवटपर्यंत पक्कं नसतंच.

आता आमच्यापुढे प्रश्न होता तो प्रत्यक्ष काय करायचं याचा. काकांनी कागद ओढला आणि वर दोन ओळी लिहिल्या: 'बाबांचं तिकीट' आणि 'मावशीचं तिकीट'. म्हणाले, "या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या समज. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. प्रवासी बदलणं असं कामच नसतं. एक विक्री आणि एक परतावा, एवढंच असतं."

आधी बाबांच्या तिकिटाचं बघितलं. तीन वाटा होत्या.

पहिली, काहीच न करता सोडून देणं. अशा वेळी कंपनी 'प्रवासी आला नाही' अशी नोंद करते आणि मूळ भाडं जवळपास सगळं जातं. तरीही कर, विमानतळाचं शुल्क आणि सुरक्षा शुल्क परत मिळायला हवं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, तसा नियम आहे आणि तो 'भाडं परत मिळणार नाही' अशा सवलतीच्या तिकिटांनाही लागू आहे. प्रवासीच आला नाही तर कंपनी विमानतळाचं शुल्क ठेवून घेऊ शकत नाही. पण ते आपणहून मागावं लागतं आणि बरेच लोक मागतच नाहीत. शिवाय अनेक कंपन्यांत जाण्याचा टप्पा चुकवला की परतीचाही आपोआप रद्द होतो.

दुसरी वाट, बाबांचीच तारीख पुढे ढकलणं. तिकिटातले पैसे बाबांच्या नावाला चिकटलेले असतात, पण ते जानेवारीत वापरता येतात. हा विचार मला सुचलाच नव्हता. तारीख बदलण्याचं शुल्क एका बाजूचं २,७५०, म्हणजे जाऊन-येऊन ५,५००, वर पोर्टलचे ६०० आणि नव्या तारखेच्या भाड्यात फरक असेल तर तोही. तिसरी वाट रद्द करणं. त्याचं शुल्क एका बाजूला ३,०००, म्हणजे ६,०००, अधिक पोर्टलचे ६००. दोन्हींत फारच थोडा फरक होता. पाय कधी बरा होईल हे डॉक्टरही नक्की सांगत नव्हते, आणि तारीख पुन्हा बदलावी लागली असती तर तेच शुल्क पुन्हा पडलं असतं. म्हणून रद्द करायचं ठरलं. कोणाची नवी तारीख पक्की असेल आणि तिकीट महागाचं, परदेशाचं असेल, तर तारीख बदलणं बहुधा जास्त सोयीचं पडेल. दोन्ही आकडे समोर मांडूनच ठरवावं.

वैद्यकीय कारणाने शुल्क माफ होईल का, हेही विचारलं. प्लास्टरचा फोटो आणि डॉक्टरांचं पत्र कंपनीला ईमेलने पाठवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: सहानुभूती आहे, पण तिकिटाच्या अटी लागू राहतील. काही कंपन्या रुग्णालयात दाखल असलेल्यांचा विचार करतात असं काका म्हणाले, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग असतो. विचारायला काही लागत नाही, फक्त उत्तराची वाट बघत शुल्काची मुदत ओलांडू देऊ नये. आमच्या तिकिटावर प्रवासाला चारहून कमी दिवस उरले की ३,००० चे ३,५०० होणार होते.

आता क्रमाचा प्रश्न. मला वाटत होतं, आधी बाबांचं रद्द करावं, म्हणजे ती जागा मोकळी होईल आणि मावशीला तीच मिळेल. काकांनी लगेच थांबवलं. रद्द झालेली जागा साठ्यात परत जाते खरी, पण आपल्यासाठी राखून ठेवलेली नसते आणि आपल्या जुन्या भाड्यात तर मुळीच नसते. त्या दिवशी कंपनीने जो गट उघडा ठेवला असेल त्याच भावाने ती विकली जाते. दिवाळीनंतरच्या गर्दीत मधल्या काही मिनिटांत भाव वाढू शकतो, किंवा विमान भरू शकतं. म्हणून आधी नव्या माणसाचं तिकीट हातात घ्यायचं, मग जुनं रद्द करायचं. दोन वेगळ्या नावांची दोन तिकिटं एकाच विमानात असली तर काहीच अडत नाही. एकाच नावाची दोन असतील तर मात्र यंत्रणा दुहेरी आरक्षण म्हणून एक काढून टाकू शकते.

मावशीला फोन करून आधार कार्डाचा फोटो मागवला. नाव तोंडी विचारून तिकीट काढू नका, हे मी कळकळीने सांगते. आपल्याकडे बायकांची नावं कागदोकागदी बदलतात. मावशीला सगळे नलू म्हणतात, बँकेत ती नलिनी आहे आणि लग्नाआधीचं आडनाव जुन्या कागदांवर अजून आहे. विमानतळावर जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव आणि त्यावरचंच स्पेलिंग तिकिटावर हवं.

५ नोव्हेंबरला संध्याकाळी मावशीचं तिकीट थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलं. जाण्याचे ८,९०० आणि येण्याचे ६,३००, मिळून १५,२०० रुपये. बाबांच्या तिकिटापेक्षा चार हजार जास्त, त्याच विमानाचे. थेट कंपनीकडून घेण्याचं कारण असं की डीजीसीएच्या नियमानुसार कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटात चोवीस तासांच्या आत त्याच माणसाच्या नावातली चूक कळवली तर ती फुकट दुरुस्त करून द्यावी लागते. पोर्टलवरून घेतलं की ही खात्री उरत नाही. तिकीट ईमेलवर आल्यावर मी आणि माझ्या नवऱ्याने एकेक अक्षर आधार कार्डाशी ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं.

मग ६ नोव्हेंबरला बाबांचं तिकीट रद्द करायला घेतलं. या पायरीवर मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आई आणि बाबा एकाच पीएनआरवर होते आणि पोर्टलवर 'रद्द करा' हे बटण मोठं, ठळक होतं. ते दाबलं की आधी दोन्ही प्रवाशांपुढे खूण केलेली दिसते. आईच्या नावापुढची खूण काढायची, दोन्ही टप्पे निवडायचे, आणि मग परताव्याची रक्कम दाखवणारं पान येतं. पुढे जाण्याआधी त्या पानावर थांबा. तिथे प्रवाशाचं नाव आणि रक्कम दोन्ही दिसतात. बाबांचं नाव आणि ४,६०० रुपये दिसल्यावरच मी पुढे गेले. त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

एकाच पीएनआरमधला एक प्रवासी काढायचा म्हणजे यंत्रणेत आधी आरक्षणाचे दोन भाग होतात. कधी उरलेल्या प्रवाशाचा पीएनआर तोच राहतो, कधी त्यालाच नवा क्रमांक मिळतो. आईचा तोच राहिला. तरी मी पोर्टलवर विसंबून राहिले नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून आईचं तिकीट दोन्ही बाजूंनी पक्कं आहे ना, हे पाहिलं. दोन्ही टप्पे होते. चाकाच्या खुर्चीची मागणी मात्र फक्त जाण्याच्या टप्प्यावर दिसत होती. परतीच्या टप्प्यावर WCHR अशी नोंद आधी होती, ती आता नव्हती. फोन करून ती पुन्हा घालून घेतली आणि नवीन ईमेल पाठवायला सांगितलं. आरक्षणाचे भाग झाल्यावर जेवण, आसन, खुर्ची अशा जोडलेल्या नोंदी निसटू शकतात, त्या एकेक करून बघायला हव्यात.

त्याच फोनवर आईच्या आरक्षणात मावशीचा पीएनआर आणि मावशीच्या आरक्षणात आईचा, अशी परस्पर नोंद करून घेतली. याने दोन्ही तिकिटं एक होत नाहीत. पण विमान उशिरा असेल किंवा बदललं, तर दोघी एकत्र आहेत हे काउंटरवरच्या माणसाला दिसतं. बाबांसाठी पैसे भरून घेतलेलं आईशेजारचं आसन अर्थातच सुटलं होतं. आसनाचे पैसे परत मिळत नाहीत. मी लगेच मावशीच्या पीएनआरमधून आसनांचा नकाशा उघडला, ते आसन अजून रिकामं दिसत होतं, पुन्हा पैसे भरून घेतलं.

हिशेब मांडला तो असा. बाबांच्या तिकिटाचे ११,२०० गेले होते, मावशीचे १५,२०० गेले, ४,६०० परत येणार होते. म्हणजे एका माणसाच्या प्रवासाला २१,८०० रुपये पडले. नाव बदलता आलं असतं तर तेच काम ११,२०० मध्ये झालं असतं. बाबांनी हा आकडा ऐकला आणि गप्प झाले. मावशीने निम्मे पैसे देऊ केले, आईने ते घेऊ दिले नाहीत. मला आईची बाजू पटली. मावशी स्वतःचं काम टाकून येत होती.

१४ तारखेला लोहगावच्या नव्या टर्मिनलवर मी दोघींना सोडायला गेले. दारावर जवानाने दोघींची आधार कार्डं आणि तिकिटं पाहिली, एकेकदा चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत सोडलं. बाबांच्या नावाचं तिकीट घेऊन मावशी तिथे उभी असती तर काउंटरपर्यंतसुद्धा पोचली नसती. असं करून पाहू, कोण बघतंय, असं सुचवणारे नातेवाईक आम्हालाही भेटले होते.

परताव्याची गोष्ट अजून बाकी होती. पोर्टलवर ८ नोव्हेंबरलाच 'परतावा पाठवला' असं दिसू लागलं, पण कार्डावर काही येईना. डीजीसीएच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे थेट कंपनीकडे क्रेडिट कार्डाने तिकीट काढलं असेल तर सात दिवसांत पैसे परत करायचे असत. एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलेल्या तिकिटाची जबाबदारीही विमान कंपनीचीच, पण मुदत तीस कामाच्या दिवसांची होती. पैसे कंपनीकडून पोर्टलकडे आणि तिथून आपल्याकडे येतात. पोर्टलने दोनदा 'पाकिटात लगेच जमा करून घ्या' असा पर्याय पुढे केला. तो घेऊ नका. पाकिटातले पैसे पुन्हा त्याच पोर्टलवर खर्च करावे लागतात, आणि परतावा रोख घ्यायचा की पुढच्या प्रवासासाठी ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे.

१९ नोव्हेंबरला कार्डावर पैसे आले, पण ४,१२८. ४७२ रुपये कमी. तिकिटाची फोड काढून पाहिली. सुरक्षा शुल्क एका बाजूचं २३६, म्हणजे २०० आणि त्यावरचा जीएसटी. दोन बाजूंचे बरोबर ४७२. ही रक्कम अशी नेमकी जुळली नसती तर काय कमी आहे हे मला सांगता आलं नसतं. पोर्टलला ईमेल लिहिला. त्यात तिकीट क्रमांक, रद्द करण्याआधीच्या पानाचा फोटो, कार्डाच्या नोंदीचा फोटो आणि डीजीसीएच्या नियमाचा उल्लेख केला: सेक्शन ३, सिरीज एम, भाग २, तिकिटांच्या परताव्याबद्दलचा. पहिलं उत्तर छापील आलं, 'परतावा अटींनुसार दिला आहे'. मी त्यावर एवढंच लिहिलं की सुरक्षा शुल्क हे भाडं नाही आणि ते कोणत्या अटीखाली ठेवून घेतलं ते कळवावं, नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवेन. तक्रार नोंदवण्याची वेळ आली नाही. ४ डिसेंबरला ४७२ रुपये जमा झाले.

पोर्टलने सुरुवातीला घेतलेलं सुविधा शुल्क परत मिळालं नाही. ते मिळत नाही, तिकीट काढतानाच तसं लिहिलेलं असतं.

डिसेंबरच्या शेवटी बाबांचं प्लास्टर निघालं. जानेवारीत डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावरच त्यांचं कोलकात्याचं तिकीट काढलं. या वेळी थेट कंपनीकडून घेतलं आणि बाबांचा पीएनआर वेगळा, सोबत जाणाऱ्या माझा वेगळा ठेवला. वेगळ्या पीएनआरमध्ये एक तोटा आहे, विमान बदललं तर दोघांना वेगवेगळं टाकलं जाऊ शकतं. म्हणून परस्पर नोंद करून घेतली आणि आसनं एकाच वेळी निवडली. वयस्कर माणसांसोबत जाताना मी आता असंच करते.